मेलवर आलेली 143(1)(a) ची नोटीस: पासवर्ड चालत नाही, तिथूनच वाचायला सुरुवात करा

प्रश्न: "मॅडम, रबाळे एमआयडीसीत आम्हा दोघांची पार्टनरशिप फर्म आहे, फॅब्रिकेशनचं काम. आयकर खात्याचा मेल माझ्या पर्सनल मेलवर आलाय, मी तो आज, 22 नोव्हेंबर 2025 ला पाहिला. सोबतची पीडीएफ माझा पॅन आणि जन्मतारीख टाकून उघडत नाही. माझ्या लॉगिनमध्येही नोटीस दिसत नाही. मेल खोटा आहे का? मेलमध्ये 143(1)(a) लिहिलंय. अकाउंटंटने त्याच्याकडची प्रत उघडून पाहिली, तर म्हणतो 97,200 रुपये भरायचे आहेत, पीएफचे. पीएफ तर आम्ही व्याजासकट भरलाय! आता काय करू? 30 दिवस आहेत असं ऐकलं."

मेल बहुधा खरा आहे. तो तुम्हाला आलाय, पण तुमच्यासाठी नाही, फर्मसाठी आहे. पीडीएफ न उघडणं आणि लॉगिनमध्ये काही न दिसणं ही दोन्ही त्याचीच लक्षणं आहेत.

या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे ज्याची नोटीस त्याचा पॅन, छोट्या लिपीत, आणि त्याला जोडून तारीख, मध्ये मोकळी जागा न सोडता. माणसाची नोटीस असेल तर जन्मतारीख, फर्म किंवा कंपनी असेल तर स्थापनेची तारीख. उदाहरणादाखल काल्पनिक पॅन घेतला तर तो असा टाकायचा:

```
abcfx0000z01042011
```

फर्मच्या बाबतीत तारीख कोणती यावर लोक हमखास अडखळतात. कारखाना सुरू झाला ती नाही, जीएसटी नंबर मिळाला तीही नाही. फर्मच्या पॅन कार्डावर जी छापली आहे ती. ती सहसा पार्टनरशिप डीडची तारीख असते, पण कधी कधी पॅनच्या अर्जात वेगळी पडलेली असते, म्हणून कार्ड हातात घेऊनच टाका. पॅनचं चौथं अक्षरही बघा. व्यक्तीच्या पॅनमध्ये तिथे P असतो, फर्मच्या पॅनमध्ये F, कंपनीच्या C, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या H. मेलमध्ये पॅनची बरीच अक्षरं झाकलेली असतात. चौथं दिसत असेल, तर पीडीएफ न उघडताच कळतं की मागणी कोणाकडे आहे.

मग मेल तुमच्याकडे का आला? फर्मच्या रिटर्नमध्ये संपर्कासाठी जो मेल दिलेला असतो, तिथे तो जातो. पुष्कळ जुन्या फर्ममध्ये पोर्टलवर नोंदणी करताना जो पार्टनर समोर बसला होता त्याचा मेल टाकलेला असतो आणि पुढे तो कोणी बदलत नाही. कायद्याच्या दृष्टीने रिटर्नमधल्या मेलवर पाठवलेली नोटीस ही मिळालेलीच नोटीस असते. "मेल पार्टनरकडे गेला, फर्मला कळलंच नाही" ही सबब चालत नाही. उत्तर दिल्यावर फर्मच्या प्रोफाइलमध्ये जाऊन मेल आणि मोबाइल बदलून घ्या, आणि सीएचाही मेल दुसरा म्हणून टाका.

मेल खरा की खोटा, हे मेलमध्येच शोधत बसू नका. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ नंतरचा भाग उजवीकडून वाचायचा, त्याचा शेवट `incometax.gov.in` असाच हवा. त्याच्यापुढे आणखी `.com` किंवा `.co` लागलं असेल तर मेल डिलीट करा. पण पाठवणाऱ्याचं नाव खोटं दाखवता येतं, म्हणून पत्ता बरोबर दिसला तरी मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. ब्राउझरमध्ये स्वतः `www.incometax.gov.in` टाइप करा, आणि फर्मच्या पॅनने लॉगिन करा, तुमच्या नव्हे. आत Pending Actions, त्यात e-Proceedings. नोटीस खरी असेल तर तिथे ती असणारच, आणि तिच्यासमोर उत्तराची शेवटची तारीखही असेल. तुम्ही स्वतःच्या लॉगिनमध्ये शोधलीत, तिथे ती कधीच दिसणार नव्हती.

आता कोणी विचारलंय ते. 143(1)(a) ची सूचना बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्राकडून येते आणि तिच्या क्रमांकाची सुरुवात CPC ने होते. तिथे तुमचं रिटर्न कोणी अधिकारी मांडीवर घेऊन वाचत नाही. संगणक रिटर्नमधले आकडे एकमेकांशी आणि सीएने भरलेल्या ऑडिट रिपोर्टशी ताडून बघतो, जुळलं नाही की सूचना काढतो. म्हणून यासाठी जवळच्या आयकर कार्यालयात चकरा मारून काही साधत नाही. तिथे तुमची फाइल कोणाच्या टेबलावर नाही. उत्तर पोर्टलवरच द्यायचं. याउलट क्रमांक ITBA ने सुरू होत असेल, तर ती नोटीस अधिकाऱ्यांकडच्या यंत्रणेतून आलेली असते आणि तिचा सूर वेगळा असतो, तिथे कागद मागितलेले असतात. अशी नोटीस आली की फोन ठेवून सीएकडे जा.

तारखेचं नीट लक्ष देऊन वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तुमच्यासमोर तीन तारखा आहेत. पीडीएफवर छापलेली, मेल आल्याची आणि तुम्ही मेल पाहिल्याची. कायदा 30 दिवस मोजतो ते सूचना काढल्याच्या दिवसापासून. तुम्ही मेल कधी उघडला याचा त्याच्याशी संबंध नाही. पीडीएफवर 4 नोव्हेंबर 2025 असेल आणि मेल 6 तारखेला आला असेल, तर मुदत 4 डिसेंबरला, गुरुवारी संपते. तुम्ही 22 नोव्हेंबरपासून मोजायला बसलात तर 22 डिसेंबर धराल, आणि 5 डिसेंबरलाच वेळ निघून गेलेली असेल. पोर्टलवर दिसणारी तारीख आणि तुम्ही मोजलेली तारीख यांत फरक आला, तर जी आधीची ती पाळा.

आकारणी वर्षही तपासा. नोटिशीवर 2025-26 असेल तर विषय 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या वर्षाच्या हिशोबाचा आहे. कितीतरी लोक चालू वर्षाची चलनं काढून बसतात आणि म्हणतात, "आम्ही तर सगळं वेळेवर भरलं."

आता खरी गोष्ट: काय मागितलंय. अकाउंटंटने 97,200 हा आकडा पाहिला आणि भरायचा समजला. तो कर नाही. नोटिशीच्या मधल्या तक्त्यात, शब्द थोडे मागेपुढे असतील, पण तीन आकडे असतात. एक, तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेली रक्कम. दोन, सीपीसीच्या हिशोबाची रक्कम. तीन, या दोघांतला फरक, म्हणजे उत्पन्नात सुचवलेली वाढ. तुमच्या बाबतीत रिटर्नमध्ये 0, ऑडिट रिपोर्टप्रमाणे 97,200, वाढ 97,200. म्हणजे सीपीसी म्हणतंय, "तुमच्या उत्पन्नात आम्ही 97,200 वाढवणार आहोत, काही म्हणायचं आहे का?" पैसे अजून मागितलेलेच नाहीत. वाढ झालीच तर फर्मला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 29,160 अधिक 1,166, साधारण 30,326 रुपये. अॅडव्हान्स टॅक्स कमी पडला असेल तर वर व्याज. या टप्प्यावर घाईघाईने 97,200 चं चलन भरून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. मग तेच पैसे परत मिळवायला महिने जातात.

97,200 आला कुठून, तेही नोटीसच सांगते. तक्त्यात फॉर्म 3CD चा उल्लेख असेल. तुमच्या सीएने ऑडिट रिपोर्टसोबत भरलेल्या त्या फॉर्ममध्ये कलम 20(b) चा एक तक्ता असतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ किती, भरायची शेवटची तारीख कोणती, प्रत्यक्षात भरला कधी. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. 18 कामगार, प्रत्येकी 15,000 पगारावर 12 टक्के, म्हणजे 1,800, असे महिन्याला 32,400 कापले गेले. आता एप्रिलचा हप्ता 15 मे ऐवजी 18 मेला, जूनचा 15 जुलैऐवजी 19 जुलैला, डिसेंबरचा 15 जानेवारीऐवजी 21 जानेवारीला गेला, असं समजा. तीन महिने गुणिले 32,400, बरोबर 97,200. तुमच्या 3CD मध्येही असंच काही असणार. काढून ताडून बघा. आकडा जुळला की नोटीस निम्मी समजली.

"व्याजासकट भरलाय" हा तुमचा त्रागा मला समजतो. पीएफ कार्यालयाचं देणं तुम्ही फेडलंत, कामगाराच्या खात्यात पैसे जमा झाले, मग आयकर खातं पुन्हा का मागतंय? त्याचं कारण असं की कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे मालकाचे नसतात. आयकर कायदा ते आधी मालकाचं उत्पन्न धरतो, आणि कलम 36(1)(va) प्रमाणे ठरल्या तारखेच्या आत भरले तरच खर्च म्हणून वजा करू देतो. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयासकट काही न्यायालयांनी रिटर्नच्या तारखेपर्यंत भरले तरी चालेल असं धरलं होतं. 12 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात तो विषय संपवला. तेव्हा तीन दिवस उशीर असो की तीस, वजावट गेली ती कायमची गेली. बँकेचं सर्व्हर बंद होतं, पगारच उशिरा झाले, हे सांगून 143(1)(a) मध्ये उपयोग नाही. मालकाच्या स्वतःच्या हिश्श्याचं तसं नाही, त्याला कलम 43B प्रमाणे रिटर्नच्या देय तारखेपर्यंत सवलत आहे. ही दोन्ही रक्कम एकत्र भरली जाते, म्हणून अकाउंटंटच्या डोक्यात घोळ होतो.

म्हणजे आता "सहमत" वर टिक करून गप्प बसायचं का? नाही. इथेच थांबून एक गोष्ट तपासायची, आणि माझ्या मते ती करण्याआधी कोणीही बटण दाबू नये. ही रक्कम तुमच्या रिटर्नमध्ये आधीच कुठेतरी उत्पन्नात धरली आहे का?

फर्मच्या रिटर्नमध्ये, म्हणजे ITR-5 मध्ये, Part A-OI नावाचा भाग असतो. तिथे 36 कलमाखाली नाकारलेल्या खर्चाच्या ओळी वेगळ्या आणि 43B च्या ओळी वेगळ्या. कामगाराच्या पीएफची उशिराची रक्कम 36(1)(va) च्या ओळीत पडायला हवी. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने अकाउंटंट ती 43B मध्ये टाकतात. तसं झालं असेल तर 97,200 तुमच्या उत्पन्नात धरले गेलेच आहेत, कर भरून झाला आहे. संगणक मात्र फक्त 36(1)(va) च्या ओळीत बघतो, तिथे 0 सापडतो, आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा जोडायला निघतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या या प्रकारच्या सूचनांमध्ये ही चूक वारंवार निघाली आहे.

तेव्हा रिटर्नची पीडीएफ काढा. Part A-OI मधली 43B ची ओळ बघा, मग धंद्याचं उत्पन्न जिथे काढतात त्या Schedule BP मध्ये उत्पन्नात जोडलेल्या रकमांत तो आकडा आलाय का ते बघा. फक्त ओळीत लिहिलेला असून BP मध्ये न आलेला असेल तर कर भरलेला नाही, हे विसरू नका.

आकडा तिथे असेल तर उत्तर "असहमत". खुलासा दोन-तीन वाक्यांचा पुरे. भाषण नको. "3CD कलम 20(b) मधले 97,200 रुपये Part A-OI मध्ये 43B च्या ओळीत दाखवले आहेत आणि Schedule BP मध्ये उत्पन्नात जोडले आहेत. पुन्हा जोडल्यास एकाच रकमेवर दोनदा कर लागेल." पोर्टलच्या चौकटीत हेच इंग्रजीत लिहायला सीएला सांगा. पीएफची चलनं, कामगारांची हजेरी, पगारपत्रकं यातलं काही मागितलेलं नाही, तर जोडूही नका. मग सुधारित रिटर्न भरून रक्कम योग्य ओळीत न्या. आकारणी वर्ष 2025-26 साठी त्याची मुदत 31 डिसेंबर 2025 आहे. "एकदा खुलासा दिला, मग कशाला" असं वाटेल. पण 43B ची रक्कम पुढच्या वर्षी भरली म्हणून वजा मागता येते, कामगाराच्या हिश्श्याची कधीच येत नाही. चुकीच्या ओळीत राहिली तर पुढच्या वर्षी कोणीतरी ती वजा मागेल आणि नवीन भांडण उभं राहील.

आकडा कुठेच जोडलेला नसेल, तर सीपीसी बरोबर आहे आणि उत्तर "सहमत". तेव्हाही सुधारित रिटर्न आणि कराचं चलन एकदम करून टाका, नाहीतर डिमांड निघेपर्यंत दर महिन्याला 1 टक्का व्याज धावत राहतं.

पोर्टलवर उत्तर एकदा पाठवलं की बदलता येत नाही. माझ्या हातून हे एकदा झालंय. एका कारखानदाराचं काम होतं, शेवटचा दिवस, संध्याकाळ. अकाउंटंट म्हणाला "पीएफ उशिराच भरलाय, मान्य करा", आणि मी Schedule BP न उघडता "सहमत" पाठवलं. रक्कम 43B मध्ये आधीच धरलेली होती. डिमांड निघाली, कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागला, आणि तो मार्गी लागेपर्यंत सात महिने त्या माणसाचा परतावा अडकून पडला. पाच मिनिटांचं पान मी उघडलं नाही, त्याची किंमत त्याने मोजली. तेव्हापासून शेवटच्या दिवशी या सूचनेला हात लावायचा नाही, असं आमच्या ऑफिसात ठरलेलं आहे.

काहीच उत्तर दिलं नाही तर? 30 दिवसांनी सीपीसी वाढ करून 143(1) ची सूचना पाठवतं, त्यात दोन रकाने असतात, तुमचे आकडे आणि त्यांचे. त्यात डिमांड असेल तर ती भरायला 30 दिवस. दुरुस्तीचा अर्ज किंवा अपील हे दोन्ही मार्ग मग उरतात, अपिलालाही 30 दिवसांचीच मुदत आहे. मार्ग बंद होत नाहीत, पण लांबचे होतात. आज पोर्टलवर जे तीन वाक्यांत होतंय ते नंतर होत नाही.

एवढं सगळं या एका कलमाचं झालं. मेलवर कलम वेगळं असेल तर दिवसही वेगळे: 139(9), म्हणजे सदोष रिटर्न, असेल तर 15 दिवस. 245, म्हणजे जुन्या थकबाकीत परतावा वळवायचा आहे, असेल तर 21. 143(2) किंवा 142(1) असेल तर दिवस मोजायचेच नाहीत, नोटिशीवरच तारीख छापलेली असते.

पीडीएफवर 4 नोव्हेंबरच असेल, तर तुमच्या हातात आज 12 दिवस आहेत. सोमवारी फर्मचं पॅन कार्ड, 3CD आणि ITR-5 ची पीडीएफ असे तीन कागद घेऊन सीएसमोर बसा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: 97,200 Schedule BP मध्ये आहेत का? ते उत्तर मिळालं की कोणतं बटण दाबायचं हे तुम्हालाच दिसेल.